एअर फ्रायरची बास्केट: चिकटपणा काढा, कोटिंग राखा

एअर फ्रायर घरात येऊन काही महिने झाले की वाचकांकडून हमखास एक प्रश्न येतो. बास्केट दर वेळी धुतो, साबणही चांगला वापरतो, तरी हात फिरवला की बोट अडकतं. कोपऱ्यांत तपकिरी पुटं बसली आहेत, ती काही केल्या निघत नाहीत. जोर लावून घासावं तर नॉनस्टिक जाईल अशी भीती वाटते, आणि तसंच सोडलं तर पुढच्या खेपेला धूर होतो आणि पदार्थाला खवट वास लागतो. मग कुणी तारेची घासणी सुचवतं, कुणी सोडा आणि व्हिनेगर, कुणी चिमणी साफ करायची पावडर. यातले काही उपाय बास्केट एका दिवसात निकामी करतात.

तेव्हा पहिल्यापासून एक गोष्ट ठरवून घ्या. तुम्हाला चिकटपणा काढायचा आहे, डागाचा रंग नाही. बास्केट दुकानातल्यासारखी काळीभोर दिसलीच पाहिजे या हट्टापायीच बहुतेक कोटिंग जातं.

साबणाने का निघत नाही?

ताजं तेल साबणाला लगेच दाद देतं. बास्केटवर बसलेला थर मात्र आता तेल राहिलेला नसतो. तेलाचा पातळ थर १८०–२०० अंशांवर, वरून जोराच्या गरम हवेत वारंवार तापला की तेलाचे रेणू हवेतल्या ऑक्सिजनच्या मदतीने एकमेकांना जोडले जातात. आधी त्याचा डिंकासारखा चिकटा होतो, मग रोगणासारखा कडक थर. लोखंडी तव्याला तेल देऊन आपण मुद्दाम जे घडवून आणतो, तेच इथे नको असताना घडतं.

सूर्यफूल, सोयाबीन आणि करडई ही तेलं या बाबतीत सगळ्यांत घाई करतात. शेंगदाणा तेल त्या मानाने हळू चिकटतं आणि खोबरेल फारच कमी. सूर्यफूल तेलाची स्प्रे बाटली वापरणाऱ्या घरांत ही तक्रार जास्त आढळते, ती यामुळेच.

दुसरी बाजू कोटिंगची. नॉनस्टिकचा नेहमीचा थर रसायनांना चांगला टिकतो, पण तो मऊ असतो. साबण, सौम्य सोडा, गरम पाणी हे त्याला सहज सोसतं. खरखरीत वस्तूचा दाब सोसत नाही. म्हणून सगळं काम भिजवण्यावर आणि वाट पाहण्यावर सोपवायचं, मनगटावर नाही.

आधी बोट फिरवून पाहा

बास्केट कोरडी आणि गार असताना उजेडात धरा, डागावरून बोट फिरवा आणि मग लाकडी टूथपिकच्या टोकाने डागाची कड हलकेच ढकलून बघा.

- बोट चिकटतं, टूथपिकने डाग गोळा होऊन सरकतो: हा अर्धवट घट्ट झालेला चिकटा आहे. तेल लावूनच बराचसा निघेल.
- बोट चिकटत नाही, डाग मधासारखा तपकिरी आणि चकचकीत आहे, टूथपिक घसरते: थर कडक झाला आहे. सोड्याच्या गरम पाण्यात भिजवावा लागेल, कदाचित दोनदा.
- डागाच्या जागी चंदेरी धातू दिसतो किंवा कडेला पोपडे सुटले आहेत: हा डाग नाही, कोटिंग गेलं आहे. इथे घासण्याने काहीच साधणार नाही. त्याबद्दल शेवटी लिहिलं आहे.

ही तपासणी टाळू नका. कोटिंग गेलेल्या जागेला डाग समजून लोक तीच जागा घासत राहतात आणि नखाएवढा ओरखडा तळहाताएवढा होतो.

हाताशी काय ठेवायचं, काय दूर

हाताशी हवं: खाण्याचा सोडा, भांड्यांचा लिक्विड साबण, थोडं खायचं तेल, मऊ स्पंज, जुन्या सुती कापडाचे तुकडे, किचन टिश्यू, मऊ टूथब्रश आणि लाकडी टूथपिक. बस्स, एवढंच.

दूर ठेवायचं:

- तारेची घासणी, काथ्या, राख, मीठ आणि भांड्यांची पावडर.
- नेहमीची हिरवी घासणी. तिच्या धाग्यांत घासणारी कठीण पूड असते. स्पंजच्या एका बाजूला हिरवा थर असेल तर फक्त पिवळी बाजू वापरा.
- सुरी, चमच्याची कड, सुई, सेफ्टी पिन.
- चिमणीच्या जाळ्या धुण्याचा कॉस्टिक सोडा आणि ओव्हन साफ करायचे तीव्र फवारे. बास्केटखालचा धातू पुष्कळदा अॅल्युमिनियम असतो आणि कॉस्टिक सोडा त्याला खातो. एखाद्या ओरखड्यातून तो आत शिरला की कोटिंग खालून सुटू लागतं. धुण्याचा सोडाही याच कारणासाठी नको. तो खाण्याच्या सोड्यापेक्षा बराच तीव्र असतो.

एखादी घासणी चालेल की नाही अशी शंका असेल तर ती जुन्या सीडीच्या चकचकीत बाजूवर ओली करून चार वेळा फिरवा. ओरखडे उठले तर ती बास्केटला लावू नका.

पहिली फेरी: तेलाने चिकटा सैल करा

फणस कापताना आपण हाताला तेल लावतो, कारण चीक पाण्याला हटत नाही पण तेलाला हटतो. बास्केटवरचा ओला चिकटाही तसाच आहे. अर्धवट घट्ट झालेल्या थरात ताजं तेल मुरतं आणि तो फुगून सैल होतो.

बास्केट कोमट असावी. गार असेल तर मशीन दोन-तीन मिनिटं १०० अंशांवर चालवा, प्लग काढा आणि हाताला सोसेल इतपत निवू द्या. बोटावर चार-पाच थेंब तेल घेऊन चिकट जागेवर चोळा. पंधरा मिनिटं थांबा. मग कोरड्या टिश्यूने एकाच दिशेने पुसा. टिश्यू पिवळट-तपकिरी होत गेला की समजा, काम होतंय. टिश्यू बदलत राहा. तोच तो फिरवला की सुटलेला चिकटा दुसरीकडे पसरतो. शेवटी लिक्विड साबण आणि गरम पाण्याने धुऊन घ्या. हे तेल अजिबात मागे राहता कामा नये, नाहीतर पुढच्या वेळी तेच तापून नवा थर बनवेल.

दुसरी फेरी: सोड्याचं गरम पाणी

कडक झालेल्या थरासाठी ही खरी फेरी. चार लिटरच्या आसपासच्या बास्केटसाठी एक लिटर उकळतं आणि एक लिटर नळाचं पाणी पातेल्यात एकत्र करा. त्यात खाण्याचा सोडा दोन मोठे चमचे, म्हणजे साधारण ३० ग्रॅम, आणि लिक्विड साबण एक छोटा चमचा घालून पूर्ण विरघळवा. तळाशी दाणे राहू देऊ नका. हे पाणी सिंकमध्ये ठेवलेल्या बास्केटमध्ये ओता आणि २० ते ३० मिनिटं ठेवा.

बास्केटच्या तळाला भोकं असतील आणि ती वेगळ्या भांड्यात बसत असेल, तर ती त्या भांड्यासकट भिजवा. तळाची जाळी सुटी निघत असेल तर काढूनच भिजवा. जाळीच्या कडांना रबरासारखी छोटी सिलिकॉनची टोपणं असतात. ती आधी काढून वाटीत ठेवा, सिंकमध्ये हरवली की मोठी पंचाईत होते.

पाणी ओतून टाकल्यावर स्पंजने हलक्या हाताने गोल फिरवत पुसा. दाबायचा मोह होईल तिथे थांबा. जे सहज निघालं ते निघालं, उरलेल्यासाठी पुन्हा ताजं गरम पाणी करा. दुसरी खेप दुसऱ्या दिवशी केलीत तरी चालेल.

तीन चुका इथे नेहमी होतात:

- तापलेल्या बास्केटमध्ये गार पाणी ओतणं. धातू आणि कोटिंग वेगवेगळ्या मापाने आकसतात आणि त्यांची पकड सैल होते. आधी पंधरा-वीस मिनिटं निवू द्या.
- रात्रभर भिजत ठेवणं. अर्ध्या तासानंतर फारसं काही जास्त सुटत नाही, मात्र पाणी हँडलच्या स्क्रूंत आणि कडेच्या घडीत शिरतं आणि तिथे गंज धरतो. हँडलच्या जोडापर्यंत पाणी भरूच नका.
- बास्केटमध्ये पाणी भरून मशीन चालवणं. आतल्या पंख्याने पाणी उडून वरच्या कॉइलवर जातं. हा उपाय कुणीही सांगितला तरी करू नका.

उभ्या भिंती आणि बारीक भोकं

भिंतीवर पाणी टिकत नाही, म्हणून तिथे ओली पट्टी लावायची. अर्धी वाटी गरम पाण्यात दोन छोटे चमचे सोडा विरघळवा, त्यात सुती कापडाची पट्टी भिजवून डागावर चिकटवा आणि वरून प्लास्टिकची पिशवी पसरून ठेवा. प्लास्टिक महत्त्वाचं आहे. पट्टी वाळली की सोड्याचे बारीक खडे बनतात, आणि अशी वाळकी पट्टी ओढून काढली की तेच खडे कोटिंगवर फिरतात. अर्ध्या तासाने पट्टीवर पुन्हा गरम पाणी शिंपडा, मगच उचला. सोड्याची दाट पेस्ट लावून घासण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. मला तो याच कारणासाठी पटत नाही. सोड्याचा उपयोग विरघळलेल्या अवस्थेत आहे. कोरड्या कणांचा इथे काही फायदा नाही.

जाळीच्या भोकांच्या आतल्या कडेला तपकिरी कडी बसते. भिजवून झाल्यावर टूथब्रश जाळीच्या खालच्या बाजूने फिरवा. बहुतेक राप तिथेच असतो आणि वरून पाहिलं तर दिसत नाही. भोकात अडकलेला कण टूथपिकने खालून वर ढकला.

एक बास्केट, सुरुवातीपासून

शेजारच्या काकूंची चार लिटरची बास्केट आम्ही दोघींनी मिळून साफ केली, तिचंच उदाहरण घेऊ. कोथिंबीर वडी, बटाट्याच्या फोडी आणि अधूनमधून बांगडा, असा तिचा वापर. काकू पदार्थ आत रचून वरून सूर्यफूल तेलाचा फवारा मारत. वरून पाहिलं तर जाळी चांगलीच दिसत होती, म्हणून त्यांना वाटायचं की चिकटपणा हाताचाच भास आहे.

जाळी उचलली तेव्हा खरी गोष्ट कळली. खालची बाजू मधासारखी चिकट होती आणि बास्केटच्या तळावर तेल साचून वाळल्याचे दोन तपकिरी ओघळ होते. काकू जाळी न काढताच वरून स्पंज फिरवत होत्या. मागच्या भिंतीवर फवाऱ्याचे बारीक पिवळे ठिपके होते. तेल पदार्थाबाहेर जिथे उडायचं, तिथेच वाळलं होतं.

जाळीच्या खालच्या बाजूला तेल लावून थांबलो, तर टिश्यूवर दाट तपकिरी चिकटा आला आणि एका फेरीतच बोट मोकळं फिरू लागलं. तळाच्या ओघळांना तेलाने फरक पडला नाही, कारण तिथला थर कडक झालेला होता. सोड्याच्या पाण्यात पंचवीस मिनिटं ठेवल्यावर ओघळांचा मधला भाग स्पंजला लागून आला, कोपऱ्याच्या वळणावरचा राहिला. भिंतीवरच्या ठिपक्यांना पट्टी लावली. दुसऱ्या दिवशी कोपऱ्यासाठी एक खेप आणखी केली. शेवटी कोपऱ्यात फिकट तपकिरी छटा उरली. तिच्यावरून बोट फिरवलं तर बाकीच्या तळाइतकंच गुळगुळीत लागलं. ती आम्ही तशीच ठेवली.

याच वेळी तळावर एक चंदेरी कमान दिसली. काकूंनी लगेच कामवाल्या ताईंच्या घासणीला दोष दिला. पण जाळी परत बसवून पाहिली, तर तिच्या एका कडेचं सिलिकॉनचं टोपण गायब होतं. बास्केट हलवताना तीच उघडी धातूची कड तळावर घासत होती. ओरखडा नेमका त्या कडेखालीच होता. तुमच्या बास्केटवर असा कमानीसारखा किंवा एकाच जागी ओरखडा असेल, तर घासणीआधी टोपणं मोजा. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरकडे ती सुटी मिळतात का ते विचारा, आणि मिळेपर्यंत ती जाळी वापरू नका.

सोडा आणि व्हिनेगर एकत्र का नको?

दोन्ही मिसळले की फेस येतो आणि काहीतरी जोरदार चाललंय असं वाटतं. प्रत्यक्षात सोडा अल्कली आणि व्हिनेगर आम्ल. दोघे एकमेकांना मारतात. फेस म्हणजे कार्बन डायऑक्साइड वायू. तो निघून गेला की हाती जवळजवळ खारट पाणी उरतं, त्यात तेल काढण्याची ताकद नसते.

व्हिनेगरचा खरा उपयोग वेगळा आहे. बोअरच्या किंवा टँकरच्या जड पाण्याने बास्केटवर पांढुरके ठिपके पडतात, ते क्षारांचे असतात, तेलाचे नव्हेत. त्यांना सोडा उपयोगी नाही. एक भाग व्हिनेगर आणि चार भाग पाणी कापडाने लावा, पाच मिनिटांत धुऊन टाका. लिंबू चोळायचं असेल तर तेही याच कामासाठी, आणि तेवढाच वेळ.

कुठे थांबायचं

ओल्या बोटाला काही लागत नाही, पांढरा टिश्यू फिरवला तर पांढराच राहतो आणि रिकामी बास्केट १८० अंशांवर पाच मिनिटं चालवली तर धूर किंवा वास येत नाही, या तीन गोष्टी जमल्या की काम संपलं. छटा उरली असली तरी संपलं. बास्केट स्वच्छ असूनही धूर येत असेल तर तेल वरच्या कॉइलजवळ उडालेलं असण्याची शक्यता जास्त. प्लग काढून, मशीन पूर्ण गार झाल्यावर तो भाग घट्ट पिळलेल्या ओल्या कापडाने पुसा. मशीनच्या मुख्य भागावर पाणी ओतायचं नाही.

रोजच्या वापरात काय बदलायचं

तेल बास्केटला लावू नका, पदार्थाला लावा, तेही ताटलीत. वड्या परातीत ठेवून ब्रशने तेल लावायचं आणि मग आत ठेवायच्या. एवढ्या एका सवयीने भिंतींवरचे ठिपके जवळजवळ थांबतात. दाबून उडवायच्या तयार डब्यातल्या तेलात बहुधा लेसिथिन असतं. ते नॉनस्टिकवर भाजून फार चिवट चिकटतं, म्हणून असे डबे इथे नकोत.

दर वापरानंतर बास्केट कोमट असतानाच जाळी काढून दोन्ही बाजूंनी धुवा. दुसऱ्या दिवसावर ढकललेलं तेल पुढच्या वेळी पुन्हा तापतं आणि तिथूनच थर सुरू होतो. डिशवॉशर चालतो असं पुस्तिकेत लिहिलेलं असलं तरी हातानेच धुतलेलं बरं. डिशवॉशरच्या गोळ्या तीव्र अल्कली असतात आणि वारंवारच्या धुण्याने कोटिंग निस्तेज होतं. बटर पेपर वापरत असाल तर त्यावर पदार्थाचं वजन हवं. रिकामा पेपर उडून कॉइलला लागतो.

कोटिंग निघू लागलं असेल तर

पोपडे सुटू लागले की ती बास्केट वापरणं थांबवा. नेहमीच्या नॉनस्टिक थराचा एखादा कण पोटात गेलाच तर तो पचत नाही, तसाच बाहेर पडतो, त्यामुळे घाबरून जाऊ नका. पण सुटलेली जागा वाढतच जाते आणि उघड्या धातूला अन्न चिकटतं. वरून पुन्हा कोटिंग करून देतो असं कुणी सांगितलं तर त्या फंदात पडू नका. पुष्कळ मॉडेलची बास्केट सुटी विकत मिळते. खालच्या स्टिकरवरचा मॉडेल क्रमांक पूर्ण उतरवून घ्या, शेवटचं एक अक्षर बदललं तरी बास्केट बसेलच असं नाही.

मशीन नवं असताना, नीट वापरूनही कोटिंग सुटलं तर मात्र पैसे खर्च करण्याआधी तक्रार करा:

- घासणं तिथेच थांबवा. सुटलेल्या जागेचे जवळून आणि पूर्ण बास्केटचे फोटो काढा.
- बिल, वॉरंटी कार्ड आणि पुस्तिकेतलं धुण्याच्या सूचनांचं पान एकत्र ठेवा. तुम्ही त्या सूचना पाळल्या, हाच तुमचा मुख्य मुद्दा आहे.
- कंपनीकडे आणि विक्रेत्याकडे लेखी तक्रार करा आणि तक्रार क्रमांक घ्या. नुसत्या फोनवर समाधान मानू नका.
- दाद मिळाली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर नोंद करा.

वॉरंटीत पुष्कळदा ‘कोटिंग वगळून’ असं छापलेलं असतं आणि सर्व्हिस सेंटर तेवढ्यावर परत पाठवतं. पण उत्पादनातल्या दोषाबद्दल दाद मागण्याचा तुमचा हक्क ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ देतो. हेल्पलाइनवर मिटलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाता येतं. वस्तूची किंमत पाच लाखांपर्यंत असेल तर तक्रारीला शुल्क नाही, आणि तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत ती दाखल करावी लागते. तोवर जुनी बास्केट टाकून देऊ नका. तपासणीची वेळ आली तर तोच पुरावा असतो.